अर्ध्या खोलीचा फॉर्म्युला सगळ्या प्लेटांना चालत नाही

फिरत असलेला मेसेज असा आहे: «पाण्यात उभ्या प्लेटवरचा जोर काढायला इंटिग्रेशन बिंटिग्रेशन काही लागत नाही. आकार कसाही वेडावाकडा असू दे, अर्ध्या खोलीवरचं प्रेशर घ्या आणि एरियाने गुणा, झालं. प्रेशर सरळ रेषेत वाढतं, मग अ‍ॅव्हरेज मधलंच येणार ना. आधार सेंट्रॉइडला द्या. मागे पाणी लांबपर्यंत साठत असेल तर थोडं वाढवून धरा. पट्ट्या पाडणं फक्त परीक्षेपुरतं.»

हा मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला आणि दोन ठिकाणी खाली «सेव्ह केला, उपयोगी आहे» असं लिहिलेलं दिसलं म्हणून सविस्तर लिहितोय, कारण ह्याच्यावर भरवसा ठेवून कोणीतरी खरंच प्लेट कापेल आणि चॅनेल वेल्ड करेल.

आधी अर्ध्या खोलीचं बघू. हा नियम आयताला बरोबर आहे, पाणी वरच्या कडेपर्यंत असेल तर अगदी तंतोतंत बरोबर. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचा गाळा बघा, वरपासून खालपर्यंत रुंदी एकच, त्यात बरगे टाकले की पूर्ण गाळ्यावरचा जोर अर्ध्या खोलीने बरोबर निघतो. वर्षानुवर्षं असेच गाळे हाताळलेल्या माणसाला नियम कायम बरोबर येतो आणि मग तो सगळीकडेच चालतो असं वाटायला लागतं. घोळ इथेच होतो.

आमच्याकडचं एक काम सांगतो. रस्त्याच्या भरावाखाली जुनी मोरी, वर नंतर टाकलेला काँक्रीटचा स्लॅब, दोन्ही बाजूंना दगडी बांधकाम आणि एका अंगाला मधेच कातळाची पायरी पुढे आलेली. ह्या तोंडावर उभी लोखंडी प्लेट बसवून पाणी अडवायचं होतं. स्लॅबच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत २ मीटर, पाणी त्या कडेपर्यंत धरलं. आम्ही ट्यूब लेव्हलने आडव्या खुणा केल्या, दर २५ सेंटिमीटरला एक, म्हणजे आठ पट्ट्या झाल्या, आणि प्रत्येक पट्टीच्या मध्यावर टेपने रुंदी घेतली. वरून खाली अशी: ३.६, ३.४, ३.०, २.८, मग पायरी आली आणि एकदम १.६, १.२, ०.८, ०.४ मीटर.

आता एका पट्टीचं जवळून बघा. वरून पाचवी घ्या, रुंदी १.६ मीटर, उंची ०.२५, म्हणजे एरिया ०.४ चौरस मीटर. तिचा मध्य पाण्याच्या पातळीपासून १.१२५ मीटर खाली. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन, त्यामुळे त्या खोलीवर प्रेशर चौरस मीटरला १.१२५ टन, आणि पट्टीवरचा जोर ०.४ गुणिले १.१२५ म्हणजे ०.४५ टन. पट्टीची उंची कमी असल्यामुळे तिच्या आत प्रेशर फारसं बदलत नाही, सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे. आठही पट्ट्यांचं असंच करून बेरीज केली तर २.८९ टन येतात (किलोन्यूटनमध्ये हवं तर ९.८१ ने गुणा, साधारण २८.३). एकूण एरिया ४.२ चौरस मीटर. मेसेजवाल्या पद्धतीने अर्धी खोली १ मीटर धरली तर ४.२ टन, म्हणजे खऱ्यापेक्षा ४५ टक्के जास्त.

«जास्तच आलं ना, मग सेफ साइडला आहोत» असं कोणी म्हणेल. तर आता हाच आकार उलटा करा, वर अरुंद आणि खाली रुंद. एरिया तोच, खोली तीच, अर्ध्या खोलीचं उत्तर तेच ४.२ टन. पट्ट्यांनी मात्र ५.५१ टन येतात. म्हणजे इथे फॉर्म्युला जवळपास पाव जोर गिळून टाकतो, आणि असे आकार काही दुर्मिळ नाहीत, कमानीच्या मोरीचं तोंड हे तळाला रुंद आणि वर निमुळतंच असतं.

अ‍ॅव्हरेजवाला मुद्दा इथेच सुटतो. प्रेशर सरळ रेषेत वाढतं हे बरोबर, पण मधल्या खोलीवरचं प्रेशर हे खोलीनुसार काढलेलं अ‍ॅव्हरेज आहे, आणि आपल्याला हवं असतं एरियानुसार. आमच्या मोरीत वरच्या अर्ध्या भागात ३.२ चौरस मीटर एरिया आणि खालच्या अर्ध्यात फक्त १, म्हणजे बहुतेक सगळी प्लेट उथळ पाण्यातच आहे, तिचं अ‍ॅव्हरेज प्रेशर मधलं येईलच कसं? खरं अ‍ॅव्हरेज येतं ०.६९ मीटर खोलीवरचं, आणि तीच सेंट्रॉइडची, म्हणजे आकाराच्या समतोल बिंदूची खोली.

ह्यावर काही जण लिहितात की मग सेंट्रॉइडच्या खोलीवरचं प्रेशर घ्या, पट्ट्या कशाला. बरोबर आहे, सपाट प्लेटला ते कायम लागू होतं. पण वेड्यावाकड्या आकाराचा सेंट्रॉइड कुठे छापलेला असतो? तो काढायला रुंदी गुणिले खोलीची तीच बेरीज करावी लागते. पुठ्ठ्यावर स्केलने आकार कापून दोन वेगवेगळ्या टोकांनी टांगायचा आणि ओळंब्याच्या रेषा जिथे छेदतात तिथे खूण करायची, हा एक चांगला उपाय आहे आणि मी पडताळा म्हणून करतोही. पण त्यातून फक्त सेंट्रॉइड मिळतो, जोर कुठे लागतो ते मिळत नाही, त्याचं पुढे बोलतो.

पट्ट्या परीक्षेपुरत्या आहेत ह्याबद्दल. फ्लेमिश गणिती सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये, कॅल्क्युलस यायच्या कितीतरी आधी, उभ्या भिंतीवरचा पाण्याचा जोर आडव्या पट्ट्या पाडूनच काढला होता, आणि चौकोनी भिंतीला मधल्या खोलीचं प्रेशर चालतं हे त्याने त्यातूनच सिद्ध केलं. म्हणजे मेसेजमधला नियम पट्ट्यांतूनच आलाय, फक्त चौकोनाची अट वाटेत गळून पडली. त्याची युक्ती आजही साइटवर कामाची आहे: प्रत्येक पट्टीला तिच्या वरच्या कडेची खोली धरा, जोर नक्की कमी येतो, खालच्या कडेची धरा, नक्की जास्त येतो, खरा आकडा मधे. आमच्या मोरीत हे दोन आकडे २.३६ आणि ३.४१ टन आले. फरक १.०५, म्हणजे पट्टीची उंची गुणिले एकूण एरिया. पट्टी ५ सेंटिमीटरची केली तर फरक ०.२१ वर येतो. उत्तर किती चुकू शकतं हे आधीच कळतं, मेसेजवाल्या फॉर्म्युल्यात ही सोय नाही.

आणि मध्याची खोली धरली तर फार पट्ट्या लागतही नाहीत. १ मीटर त्रिज्येची अर्धगोल कमान घ्या, सपाट बाजू खाली, पाणी कमानीच्या माथ्यापर्यंत. अचूक उत्तर ०.९०४ टन आहे. फक्त चार पट्ट्यांत ०.९०० येतं. अर्ध्या खोलीने ०.७८५. चार रुंद्या मोजायला पाच मिनिटं लागतात हो!

जिथे खरंच चुका होतात ते वेगळंच आहे. एक म्हणजे पायरी पट्टीच्या मधोमध येणं, मग मध्यावरची रुंदी त्या पट्टीची राहतच नाही, म्हणून पट्टीची कड पायरीवरच ठेवायची (आमची नेमकी १ मीटरवर आली, नाहीतर तिथे पट्टी तोडली असती). दुसरी म्हणजे तळाची रुंदी घाईत घेणं. वरच्या पट्टीत १० सेंटिमीटरची चूक झाली तर जोरात ३ किलोचा फरक पडतो, तीच चूक सगळ्यात खालच्या पट्टीत झाली तर ४७ किलोचा, आणि लोक नेमकं तळाला गाळावर टेप टेकवतात. गाळ काढून दगड लागेपर्यंत जायचं आणि मग मोजायचं. गाळ तिथेच ठेवून प्लेट बसवायची असेल तर त्याचा रेटा वेगळा धरावा लागतो, हा हिशोब नुसत्या स्थिर पाण्याचा आहे.

आता आधाराचं, कारण मला सगळ्यात जास्त काळजी ह्याच वाक्याची वाटली. जोराचा आकडा सेंट्रॉइडच्या प्रेशरवरून निघतो, पण उभ्या प्लेटवर जोर सेंट्रॉइडला लागत नाही, त्याच्या खाली लागतो, कारण खालच्या पट्ट्यांवर प्रेशर जास्त. कुठे ते काढायला प्रत्येक पट्टीचा जोर तिच्या खोलीने पुन्हा एकदा गुणा, बेरीज करा आणि एकूण जोराने भागा. आमच्या प्लेटला १.०१ मीटर आलं, सेंट्रॉइड ०.६९ वर. ३२ सेंटिमीटरचा फरक. एकच आडवा चॅनेल सेंट्रॉइडला दिला असता तर २.८९ टन जोर त्याच्या ३२ सेंटिमीटर खाली ढकलत राहिला असता, म्हणजे जवळपास ०.९३ टन-मीटरचा पीळ, आणि प्लेटचा तळ बाहेर फेकला गेला असता. कातळाची पायरी एकाच अंगाला असल्यामुळे जोर आडव्या दिशेनेही मधोमध येत नाही, प्रत्येक पट्टीचा मध्य कुठे सरकतो ते बघून तेही असंच काढायचं.

राहिलं मागचं पाणी. ते किती लांब पसरलंय ह्याचा जोराशी संबंध नाही. मागे हातभर पाणी असो नाहीतर अर्धा किलोमीटर तलाव, पातळी तीच असेल तर त्याच प्लेटवर त्याच २.८९ टनाचा जोर. वाढवून धरायची ती पातळी. पाणी स्लॅबच्या कडेच्या ५० सेंटिमीटर वर चढलं तर पट्ट्या पुन्हा मोजायच्या नाहीत, रुंद्या त्याच, प्रत्येक खोलीत ०.५ मिळवा, म्हणजे ०.५ गुणिले ४.२, २.१ टन वाढले, एकूण ४.९९. पण ह्यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. जोर वाढतो तसा लागायची जागा प्लेटवर वर सरकते, १.०१ वरून वरच्या कडेखाली ०.८७ मीटरवर. आम्ही दोन चॅनेल दिले होते, वरच्या कडेपासून ०.४ आणि १.४ मीटरवर. प्लेट ताठ धरली तर पाणी स्लॅबच्या कडेला असताना वरच्यावर १.१३ टन आणि खालच्यावर १.७६ टन. पाणी अर्धा मीटर चढलं की खालच्यावर २.३६, आणि वरच्यावर २.६२. खालचा जड म्हणून वरचा हलका सेक्शन घ्यायचं जवळपास ठरलं होतं. हा हिशोब झाल्यावर दोन्ही चॅनेल एकाच साइजचे मागवले.