सायनाइड हायड्रोजन ओढत नाही: बेंझॉइन कंडेन्सेशनबद्दलच्या एका पक्क्या गैरसमजाला उत्तर

"बेंझॉइन कंडेन्सेशनमध्ये CN⁻ हा बेस असतो. तो अल्डिहाइडचा H काढतो, C6H5CO⁻ तयार होतो आणि तो दुसऱ्या अल्डिहाइडवर हल्ला करतो. म्हणजे हे अल्डॉलच झालं. NaOH नेही होईल, सायनाइड ही जुनी सवय आहे. NaOH घालून थायमिनने बेंझॉइन मिळतं, हाच पुरावा."

बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू जोडून बेंझॉइन बनवणाऱ्या अभिक्रियेबद्दल असा दावा केला जातो. सुरुवात अल्कलीपासून करतो, कारण ती गोष्ट करून पाहता येते. आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने हाच तर्क लावला होता. तिने बेंझाल्डिहाइड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं तीव्र द्रावण बाटलीत घेऊन खूप हलवलं आणि बूच लावून रात्रभर ठेवलं. सकाळी बाटलीत पांढरा घट्ट लगदा होता. पाणी घातल्यावर तो विरघळला आणि थोडं तेल वर राहिलं. ते वेगळं करून खालच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं, तर पांढरेशुभ्र स्फटिक खाली बसले. पोरगी खूश. पण द्रवणांक आला 122 अंश, आणि बेंझॉइनचा असतो 135 च्या आसपास. चिमूटभर स्फटिक सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात टाकले, तर फसफसून विरघळले. बेंझॉइन असते तर तळाशी तसेच पडून राहिले असते. हे बेंझॉइक आम्ल होतं, आणि वरचं तेल म्हणजे बेंझाइल अल्कोहोल. घडली होती ती कॅनिझारो अभिक्रिया.

या अभिक्रियेत हायड्रॉक्साइड अल्डिहाइडचा हायड्रोजन काढत नाही. तो कार्बॉनिलच्या कार्बनला जाऊन चिकटतो. मग तोच हायड्रोजन आपल्या दोन्ही इलेक्ट्रॉनांसह, म्हणजे हायड्राइड होऊन, दुसऱ्या अल्डिहाइडवर जातो. वरच्या दाव्यात तो प्रोटॉन म्हणून निघतो, इथे नेमका उलटा निघाला.

आता हा हायड्रोजन बेसला का मिळत नाही, ते बघू. अल्डॉलमध्ये प्रोटॉन निघतो तो कार्बॉनिलच्या शेजारच्या कार्बनवरून, आणि मागे राहिलेला ऋणभार ऑक्सिजनपर्यंत पसरतो. बेंझाल्डिहाइडला असा शेजारचा हायड्रोजन नाहीच. जो आहे तो थेट कार्बॉनिलच्या कार्बनवर आहे. तो प्रोटॉन म्हणून काढला, तर उरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी रेणूच्या प्रतलात राहते आणि C=O चा पाय बंध त्या प्रतलाला काटकोनात. दोघांची गाठच पडत नाही, त्यामुळे भार पसरायला जागा नाही. शिवाय सायनाइड हा तसा दुबळाच बेस आहे. HCN चा पीकेए 9.2 च्या आसपास, पाण्याचा 15.7. हायड्रॉक्साइड कितीतरी जोरदार बेस असून ज्याला बेंझॉइन जमत नाही ते सायनाइडला जमतं, तर त्याचं काम बेसपणाचं नाही, हे उघड आहे.

ते काम काय, हे लॅपवर्थ यांनी 1903 साली मांडलं, आणि मला ती मांडणी आजही फार देखणी वाटते. सायनाइड आधी अल्डिहाइडच्या कार्बनला जोडला जातो. कार्बनवर आता एक फिनाइल गट, एक CN, एक हायड्रोजन आणि ऋणभारित ऑक्सिजन. प्रोटॉनची देवाणघेवाण होऊन ऑक्सिजनला OH मिळतो. आता या कार्बनवरचा हायड्रोजन काढला, तर ऋणभार एकीकडे CN मध्ये आणि दुसरीकडे बेंझिनच्या कड्यात पसरतो. म्हणून मघाशी हात न लागणारा तोच हायड्रोजन आता एखादा साधा बेस काढू शकतो. तयार झालेला ऋणभारित कार्बन दुसऱ्या बेंझाल्डिहाइडच्या कार्बॉनिलवर हल्ला करतो, प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर सरकतो आणि शेवटी सायनाइड बाहेर पडतो. तो बाहेर पडताच पहिल्या कार्बनवर C=O पुन्हा उभा राहतो. हाती येतो C6H5–CO–CH(OH)–C6H5, आणि सायनाइड पुढच्या फेरीला मोकळा.

म्हणजे सायनाइडकडे तीन गुण एकाच वेळी लागतात: कार्बॉनिलला चटकन जोडलं जाणं, जोडलेलं असताना शेजारचा ऋणभार पेलणं आणि काम झाल्यावर सहज सुटणं. हायड्रॉक्साइड जोडला जातो, पण भार पेलत नाही. क्लोराइड सुटतो सहज, पण भार तोही पेलत नाही. या मधल्या गुणावरच सगळं अडतं.

C6H5CO⁻ हे चित्र चुकतं ते इथेच. मोकळा ॲसिल ऋणायन या भांड्यात कधी तयारच होत नाही. तयार होतो तो त्याचा समतुल्य. हल्ला करताना तो ॲसिल ऋणायनासारखा वागतो आणि सायनाइड गेल्यावर कार्बॉनिल परत देतो. एरवी कार्बॉनिलचा कार्बन धनबाजूचा असतो, त्याच्यावर इतर हल्ला करतात. इथे तोच हल्ला करतो. या ध्रुवता-पालटाला जर्मन शब्द आहे, उमपोलुंग. पुढे 1965 मध्ये कोरी आणि सीबाख यांनी डायथायेन वापरून हाच पालट केला. पण तिथे गंधकाचं आवरण आधी चढवावं लागतं आणि शेवटी वेगळ्या पायरीने उतरवावं लागतं. सायनाइडचं आवरण आपोआप चढतं आणि उतरतं.

अल्डॉलशी तुलना मोडायला एक उदाहरण पुरे आहे. पॅरा-डायमेथिलअमिनोबेंझाल्डिहाइड एकटा घेतला तर सायनाइडने बेंझॉइन देत नाही. तो बेंझाल्डिहाइडबरोबर घेतला तर मिश्र बेंझॉइन मिळतं, आणि त्यात अमिनोवालं कडं C=O च्या बाजूला असतं. म्हणजे हायड्रोजन गमावून हल्ला केला तो त्यानेच. एकटाच असताना तो दुसरी भूमिका घेऊ शकत नाही, कारण अमिनो गट त्याच्या कार्बॉनिलवर इलेक्ट्रॉन ढकलून त्याला हल्ला झेलायला नालायक करतो. दोन्ही भूमिका वेगळ्या आहेत आणि प्रत्येक अल्डिहाइडला दोन्ही जमतीलच असं नाही.

अल्कलीने बेंझॉइन होतं हा समज कुठून आला असेल, याचा माझा अंदाज सांगतो. व्होलर आणि लीबिग यांनी 1832 मध्ये कडू बदामाच्या तेलावर काम केलं, आणि त्या कच्च्या तेलात हायड्रोसायनिक आम्ल मुळातच असतं. अशा तेलात अल्कली घातली की सायनाइड आयता तयार होतो. बाटलीवर नाव फक्त अल्कलीचं दिसतं.

राहिला थायमिनचा, म्हणजे जीवनसत्त्व बी-1 चा, पुरावा. थायमिनमधल्या थायाझोलियम कड्यात गंधक आणि नायट्रोजन यांच्या मधल्या कार्बनवर एक हायड्रोजन असतो. NaOH तो काढतो, अल्डिहाइडचा नाही. त्यातून तयार झालेला ऋणभारित कार्बन सायनाइडच्या जागी बसतो आणि तीच तिन्ही कामं करतो. ब्रेस्लो यांनी 1958 मध्ये हे दाखवलं. म्हणून तर अल्कली बर्फात थंड ठेवून थेंबाथेंबाने घालतात. जास्त झाली किंवा तापली तर ते कडंच फुटतं आणि बेंझॉइन मिळत नाही. बेंझाल्डिहाइड जुना असला तरी हाच घोळ होतो. बुचाभोवती पांढरी पूड दिसली तर ते हवेने झालेलं बेंझॉइक आम्ल, आणि ते अल्कली खाऊन टाकतं. सायनाइड वापरत असाल तर त्याच आम्लाने विषारी HCN वायू सुटतो, म्हणून अशी बाटली आधी उर्ध्वपातन केल्याशिवाय वापरू नये.

त्या विद्यार्थिनीने पुढच्या आठवड्यात दोन फ्लास्क लावले, बेंझाल्डिहाइड ताजा उर्ध्वपातित आणि अल्कली दोन्हींत सारखी. एकात थायमिन होतं, दुसऱ्यात नव्हतं. दुसऱ्या फ्लास्कमध्ये दोन दिवसांनीही बेंझॉइन आलं नाही. पहिल्यातले स्फटिक 135 अंशांना वितळले, आणि बायकार्बोनेटमध्ये टाकल्यावर तळाशी तसेच पडून राहिले.