मामाचा परिच्छेद आणि माझा तक्ता

मामेभावाच्या लग्नाची पत्रिका मामाने स्वतः लिहिली आणि वर मला फोन, "तुला ते एक्सेल येतं ना, पाहुण्यांसाठी दिवसवार तक्ता करून टाक, पाच मिनिटांचं काम आहे."

पत्रिकेत अख्खं लग्न एका वाक्यात होतं. "शुक्रवार दि. १२ रोजी सायंकाळी ७ वाजता गाण्यांचा कार्यक्रम असून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता विवाह, तदनंतर भोजन व त्याच सायंकाळी ७ वाजता स्वागत समारंभ आहे, हॉटेलपासून बस दोन तास आधी निघेल व परतीची बस रात्री १२.३० ला आहे."

आता बस कशाच्या दोन तास आधी? मामा म्हणाला, "अर्थात सगळ्याच्याच!" म्हणजे वाक्याच्या शेपटीला लटकलेली एक बस तक्त्यात तीन ओळी खाऊन बसली. तिला स्वतःची ओळ द्यावीच लागते कारण पाहुण्याला लग्न कधी आहे यापेक्षा खोलीतून कधी निघायचं ते हवं असतं. 'तदनंतर' ला पण वेळ नव्हती, मामाला खोदून खोदून विचारल्यावर १२:३० मिळाली.

सगळं भरलं, वेळेवर सॉर्ट मारलं आणि शनिवार असा आला:

| वेळ | काय |
|---|---|
| ११:०० | लग्न |
| १२:३० | जेवण |
| १२:३० | परतीची बस |
| ५:०० | रिसेप्शनची बस |
| ७:०० | रिसेप्शन |
| ९:०० | लग्नाची बस |

रिसेप्शन उरकलं की मग लग्नाला निघायचं! झालं काय की वेळा मजकूर म्हणून टाइप झाल्या होत्या, आणि मजकूर सॉर्ट होताना पहिला आकडा बघितला जातो, १ हा ५ च्या आधी आणि ९ सगळ्यात शेवटी, सकाळ-संध्याकाळ त्याच्या गावीही नाही. मग ०९:००, १७:००, १९:०० असं चोवीस तासांत लिहून सॉर्ट केलं आणि नंतर पाहुण्यांसाठी परत 'सकाळी', 'संध्याकाळी' केलं. तक्ता मेसेजमध्ये पेस्ट केला तर रकाने एकमेकांत घुसले म्हणून शेवटी फोटो काढून पाठवला.

पण परतीची बस मी सॉर्टनंतर हातानेच शनिवारच्या तळाशी हलवली होती, नुसती '१२:३०'. काकांचा फोन, "अरे, जेवण आणि बस एकाच वेळी? ताट घेऊन चढायचं का?"

मी 'रात्री' जोडलं. काका म्हणाले, "बारानंतर तारीख बदलते, नीट लिही." बरोबरच होतं की. रविवार दि. १४ असा नवीन दिवस काढला, त्यात ती एकटी ओळ टाकली, नवा फोटो पाठवला.

दहा मिनिटांत आत्याचा फोन.

"बस रविवारी रात्री आहे होय रे? मग शनिवारी रिसेप्शन झाल्यावर आम्ही हॉलमध्येच झोपायचं का?"