फीडर काढला, तो का काढला

प्रतिक्रिया : «'रात्रपाळी' ही तुमची कथा वाचली. वाइंडिंगचे तापमान वाढले तर ट्रान्सफॉर्मर आपोआप ट्रिप होतोच, मग ऑपरेटरने घाबरून एक अख्खा फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी लाइन, अंधारात ढकलण्याची गरजच काय? काटा चुकीचा असला तर? वरिष्ठांना न विचारता हे करता येत नाही. फीडर काढल्यावर लगेच तेलाचा काटाही उतरतो, हे तर हास्यास्पदच. घरी पंख्याखाली बसून लिहिणाऱ्यांनी आधी एकदा सबस्टेशन पाहावे.»

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण आपणही बहुधा तेच मनात धरून लिहायला बसलात. फोंड्याकडच्या एका 33/11 केव्ही उपकेंद्रात मी नऊ वर्षे रात्रपाळी केली आहे. पंख्याखाली बसलो तो निवृत्तीनंतर. मतभेद असू शकतात, पण ओळखदेख नसताना माणसाला हास्यास्पद ठरवण्याची ही पद्धत कुठली, हे मला खरोखर कळलेले नाही.

तेलाच्या काट्याबद्दल मात्र आपले म्हणणे बरोबर आहे. टाकीतले तेल थंड व्हायला काही तास लागतात, वीस मिनिटांत ते दोन अंशही सहसा उतरत नाही. उतरतो तो वाइंडिंगचा काटा. लिहिण्याच्या ओघात मी दोघांना एकत्र उतरवले.

आता 'गरजच काय' याकडे वळतो. कथेतला ट्रान्सफॉर्मर 10 एमव्हीएचा आहे, म्हणजे 11 केव्हीच्या बाजूला पूर्ण भाराला साधारण 525 अँपिअर. शेजारचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला काढलेला, मे महिन्याची दमट रात्र, घराघरांत एसी चालू, त्यामुळे एकट्यावर 590. त्यात मध्यरात्रीनंतर रेडिएटरचे निम्मे पंखे बंद पडलेले. लॉगबुकात वाइंडिंगचा काटा 1:10 ला 96 अंश, 1:30 ला 99, 1:50 ला 103. त्या उपकेंद्रात अलार्म 100 ला आणि ट्रिप 110 ला लावलेली होती. याच गतीने काटा अडीचच्या सुमारास ट्रिपपाशी पोचला असता. तिथे एक फीडर नव्हे, पाचही फीडर एकदम गेले असते आणि त्यांत रुग्णालयाचा व पाणीपुरवठ्याच्या पंपांचाही फीडर होता.

आणि ट्रिप म्हणजे बटण दाबले की परत चालू, असे आपण गृहीत धरलेले दिसते. ट्रिप का झाली, ते आधी पाहावे लागते. तोवर घराघरांतले फ्रिज आणि एसी थंडपणा गमावून बसतात आणि वीज येताच सगळे एकदम ओढू लागतात. म्हणजे तापलेल्या तेलात बुडालेल्या त्याच वाइंडिंगवर पहिल्यापेक्षा जास्त भार येतो. मी स्वतः एका रात्री असाच ट्रिपच्या भरवशावर बसलो होतो. सगळे फीडर परत घ्यायला पहाटेचे पाच वाजले, कारण प्रत्येक फीडर घेताना थांबून काट्याकडे पाहावे लागत होते. ती रात्र मला कोणी सांगितलेली नाही.

कथेतल्या ऑपरेटरने काढलेल्या फीडरवर 110 अँपिअर होते. राहिले 480. वाइंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे प्रवाह पाचव्या हिश्शाहून थोडा कमी घटला, तरी उष्णता सुमारे एक तृतीयांशाने घटते. तेल 82 अंशांवरच राहते, पण वाइंडिंग तेलापेक्षा 21 अंशांनी गरम होते ते साधारण 15 अंशांवर येते, म्हणजे काटा 97 च्या आसपास. यात घाबरण्यासारखे कुठे काही आहे?

काटा चुकीचा असू शकतो, हे त्या ऑपरेटरलाही माहीत आहे. आपण तो परिच्छेद घाईत ओलांडला असावा. हा काटा वाइंडिंगला हात लावून मोजत नाही. तेलातल्या बल्बभोवती एक छोटी तापक गुंडाळी असते आणि सीटीचा, म्हणजे भाराचा प्रवाह मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा, प्रवाह तिला भाराप्रमाणे तापवतो. सीटीची वायर सुटली तर काटा खाली, तेलाच्या आकड्याशी येऊन बसतो. इथे तो वर चढत होता, तेलही सोबत चढत होते आणि दोघांतले अंतर भाराला साजेसे होते. तरीही तो बाहेर यार्डात गेला, रेडिएटरखाली उभा राहिला, तेव्हा वारा फक्त एकाच बाजूने लागला. बंद पंख्यांचा एमसीबी त्याने वर केला, तो पुन्हा पडला. त्यानंतरच तो ब्रेकरपाशी आला.

परवानगीचे म्हणाल तर कथेत तो दोनदा फोन लावतो. पुन्हा वाचावे, एवढेच म्हणतो.

तेलाच्या काट्याचे वाक्य मी आज बदलले आहे. फीडर मात्र पहाटे साडेपाचपर्यंत बंदच ठेवला आहे, कारण पंख्याची मोटर बदलून व्हायला तेवढा वेळ लागला होता.