लग्नाची रजा मागितलीय, राजीनामा नाही दिला!

आज जेवणाच्या सुट्टीनंतर टाइम ऑफिसमधून माझा रजेचा अर्ज परत आला. मी लिहिलेल्या 11 दिवसांवर लाल पेनने काट मारलेली, शेजारी 15 लिहिलेले, आणि खाली साहेबांच्या अक्षरात शेरा: "नक्की कधी हजर होणार? खुलासा करावा."

खुलासा कसला करू अजून? अर्जात काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते: "माझे लग्न गुरुवार दि. 11 फेब्रुवारी रोजी आहे. लग्न व त्यानंतरच्या प्रवासासाठी सोमवार दि. 8 ते शनिवार दि. 20 फेब्रुवारी, दोन्ही दिवस धरून, रजा मिळावी. या 13 दिवसांत रविवार दि. 14 आणि शिवजयंती दि. 19 या दोन सुट्ट्या येतात, म्हणून एकूण रजा 11 दिवस. सोमवार दि. 22 फेब्रुवारी रोजी सकाळी 9 वाजता कामावर हजर होईन." वार, तारीख, वेळ, सगळं आहे. याहून स्पष्ट लिहायचं तर स्टँपपेपर आणायला लागेल.

कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्स सांभाळते मी. दिवसभर आकडेच बघते. माझी बेरीज चुकली म्हणायचं असेल तर कुठे चुकली ते दाखवा ना. टाइम ऑफिसच्या भाऊंना विचारलं, 15 कुठून आले? म्हणे, "ताई, सँडविच लागतं. आधीचा रविवार, मधला रविवार, शिवजयंती, नंतरचा रविवार, सगळं धरायचं." अहो, कसलं सँडविच! सँडविच धरतात तेव्हाही सुट्टीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंना माणूस रजेवर असावा लागतो. 6 तारखेच्या शनिवारी मी टेबलावर असणार आहे, 22 तारखेच्या सोमवारीही असणार आहे. मग 7 आणि 21 हे रविवार माझ्या रजेत आलेच कसे? तुमचा नियम मान्य केला तरी 14 आणि 19 धरून 13 होतात. 15 होतच नाहीत! हे समजवायला मी त्यांच्याच कॅलेंडरवर पेन्सिलने खुणा करून दाखवल्या. त्यावर उत्तर काय, तर "सॉफ्टवेअर घेत नाही." सॉफ्टवेअरमध्ये तारीख 7 ते 21 टाकलीय कुणी? तुम्हीच ना!

हे चार दिवस इकडेतिकडे झाल्याने काय फरक पडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझी शिल्लक बघावी. पीएल आहेत 14. 11 गेल्या तर 3 उरतात. 13 गेल्या तर 1. आणि 15 लावल्या तर लग्नाच्या महिन्यात माझा एक दिवस बिनपगारी होतो, तोही ज्या रविवारी सगळी कंपनी बंद असते त्या रविवारचा! वर्षभर ताप अंगावर काढून ठेवलेल्या रजा आहेत या. लग्नाला म्हणून वेगळी रजा कायदा देत नाही, आमची कंपनीही देत नाही, हे मला माहीत आहे आणि मी मागितलीही नाही. मी माझीच साठवलेली मागतेय.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020, कलम 32; आधी हेच कारखाना कायदा, 1948 च्या कलम 79 मध्ये होतं. त्यात साफ लिहिलंय की भरपगारी रजा मोजताना मधे किंवा दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या धरायच्या नाहीत. कामगारांसाठीचा हा हिशेब आहे. मी हे म्हणाले तर म्हणे ते मशीनवरच्या लोकांना, स्टाफला नाही. बरं, मग स्टाफचा नियम कुठल्या कागदावर आहे? रजेच्या छापील पुस्तिकेत सँडविच हा शब्दसुद्धा नाही. विचारलं की "आधीपासून चालत आलंय." चालत आलेलं सगळं फक्त आमच्याच पगारातून कसं चालत येतं?

आणि तो शेरा! रजेच्या फॉर्मवर "पासून" आणि "पर्यंत" असे दोनच रकाने आहेत, हजर होण्याच्या तारखेला जागाच नाही. म्हणून तर मी ती अर्जात वेगळी लिहिली. 20 पर्यंत रजा म्हटल्यावर लोक 20 लाच वाट बघत बसतात, हे मला ठाऊक आहे. पण साहेबांची अडचण तारखेची नव्हतीच. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तसं नाही मॅडम, लग्नानंतर मुलींचं काय सांगता येत नाही. सासरची माणसं काय म्हणतात बघू, मग ठरवू." सासर मिरजेत आहे माझं! सांगलीहून मिरजेला जायला किती वेळ लागतो? मिरजेतून कुपवाडला तर मला आतापेक्षा जवळ पडणार आहे. गेल्या हंगामात डिस्पॅचमधल्या एकाचं लग्न झालं. त्याने चहाच्या टपरीवर "साहेब, आठ-दहा दिवस लागतील" एवढंच सांगितलं, अर्ज कामावर परतल्यावर लिहून दिला, आणि ठरल्यापेक्षा उशिरा आला. त्याला कुणी विचारलं का, की बायको काय म्हणते?

त्यात जीएसटी. 11 ला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, आणि या दोन्ही तारखा माझ्या रजेत येतात हे मला साहेबांनी शोधून काढल्यासारखं सांगितलं. जानेवारीची विक्रीची बिलं 6 तारखेपर्यंत जुळवून देणार, 3बीचा कच्चा हिशेब शेजारच्या टेबलावर समजावून ठेवणार, पासवर्ड कुणाकडे राहील तेही अर्जाला जोडलेल्या कागदावर लिहिलंय. तो कागद उलटून तरी बघितला का? टाचणी हललेलीसुद्धा नाही.

सुट्टीचं कारण "कौटुंबिक" लिहा म्हणे, "प्रवास" लिहिलं की वरचे हसतात. का हसतात? जेजुरीला 14 ला जाऊन येणार, 15 ला केरळला निघणार, 20 च्या रात्री घरी. यात लपवण्यासारखं काय आहे? शिवाय पत्रिका जोडा म्हणे. पत्रिका अजून छापायला गेलेली नाही, आणि रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. रजा मंजूर झाल्याशिवाय तिकीट काढू नका, तिकीट दाखवल्याशिवाय तारीख पक्की धरणार नाही, हे कुठलं गणित? कार्यालयवाल्याला आगाऊ रक्कम देऊन झालीय. तो तुमच्या सहीसाठी थांबणार नाही.

मी अर्ज बदललेला नाही. तोच मजकूर पुन्हा लिहिला, तारखांचा तक्ता वर घेतला, 7 आणि 21 ला "साप्ताहिक सुट्टी, रजेत नाही" असं लिहिलं, आणि दोन प्रतींत दिला. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागून घेतला. भाऊ कुरकुरले. "एवढं कशाला ताई, घरचीच कंपनी आहे." घरची आहे तर फेब्रुवारीच्या पगारपत्रकात पीएल शिल्लक 3 दिसली पाहिजे. नाही दिसली तर तो शिक्क्याचा कागद घेऊन मी थेट मालकांच्या केबिनमध्ये जाणार, हातावर मेंदी असली तरी.