‘चष्म्याने डोळा आळशी होतो’ म्हणे!

“लहान मुलांना चष्मा लावू नका, डोळे आळशी होतात. एका डोळ्याला कमी दिसत असेल तर वाढत्या वयात आपोआप सुधारतं. गाजर-बदाम द्या, त्राटक करून घ्या. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून तोही घालवू नका. नंबर काय, मोठेपणी लेझरने काढता येतो.”

मी कोल्हापुरात मुलांच्या चष्म्याचे नंबर काढते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हा मेसेज मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरतं. उत्तर द्यायला एक मुलगी आठवते, तिच्यावरूनच सांगते.

वय पाच. डोळे सरळ, तिरळेपणा नाही, तक्रार नाही. आजी खेळता खेळता तिचा डावा डोळा झाकायची तेव्हा ती हसायची; उजवा झाकला की हात झटकून रडायची. आजीला ते खटकलं म्हणून पोरगी माझ्यापर्यंत आली. उजव्या डोळ्याने शेवटून दुसरी, म्हणजे ६/६ ची ओळ वाचली. डाव्याने ६/३६: निरोगी डोळ्याला जे अक्षर ३६ मीटरवरून कळतं, ते तिला ६ मीटरवर कळत होतं. थेंब घालून नंबर काढला तर उजव्याला +१, डाव्याला +४.५.

आता चष्म्याने आळस येतो का, ते बघा. दोन्ही डोळे जोर लावतात तो सारखाच. +१ चा डोळा तेवढ्या जोरावर स्पष्ट बघतो, +४.५ चा अंधुकच राहतो. मेंदूकडे एक स्वच्छ आणि एक पुसट चित्र जातं, आणि तो पुसट चित्राकडे दुर्लक्ष करायला शिकतो. आळशी होतो तो डोळा नव्हे, मेंदूतला त्या डोळ्याचा भाग. आणि होतो तो चष्मा नसल्यामुळे.

म्हणूनच लेझरचा मुद्दा फसवा आहे. लेझर बाहुलीवरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतं, म्हणजे चष्म्याच्या काचेचंच काम करतं. वीस वर्षांच्या मुलाचा नंबर शून्य झाला तरी मेंदू त्या डोळ्याने वाचायला शिकलेला नसेल, तर ओळ तीच राहते.

‘आपोआप’ला थोडा आधार आहे. लहान मुलांचा थोडासा प्लसचा नंबर वाढत्या वयात उतरतो, हे खरं. पण दोन डोळ्यांत एवढा फरक असताना वाट बघायची म्हणजे शिकण्याची वर्षं घालवायची. सातच्या आत उपचार सर्वांत चांगले लागू पडतात. आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर ‘उशीर झाला’ म्हणूनही घरी बसू नका. त्या वयातही फरक पडतो, फक्त कमी आणि सावकाश.

बदाम खाऊ द्यात. नंबर त्यांनी उतरत नाही, त्राटकानेही नाही.

पट्टीची भीती मात्र अगदीच पोकळ नाही. तपासणी न करता चांगला डोळा महिनोन्‌महिने झाकून ठेवला तर त्याची नजर खरंच उतरू शकते. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी दोन्ही डोळे तपासतात, आणि किती तास ते डॉक्टर ठरवतात.

या मुलीला डॉक्टरांनी आधी नुसता चष्मा दिला. काही मुलांचं तेवढ्यावरच भागतं. चार महिन्यांत ती ६/१८ वर आली आणि तिथे अडकली. मग उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. मध्यम प्रकारच्या आळशी डोळ्याला दोन तास बहुधा पुरतात. सगळा दिवस बांधून ठेवायची गरज नसते.

पहिल्या महिन्यात काहीच हललं नाही. आई म्हणाली, “मॅडम, रोज लावतोय की!” पट्टी लावत होते ती चष्म्याच्या काचेवर. पोरगी मान तिरकी करून वरून बघत होती. पट्टी कातडीला चिकटलेली हवी आणि चष्मा तिच्यावरून. झोपेतले तास धरायचे नाहीत. शिवाय पट्टी शाळेत लावली तर पोरं चिडवतात आणि फळाही दिसत नाही, म्हणून वेळ संध्याकाळची ठरली. आजी तिला मूग-मटकी मिसळून वेगळी करायला बसवायची. बारीकच काम हवं असं नाही, टीव्हीसुद्धा चालतो. मूल जागं आणि गुंतलेलं असलं म्हणजे झालं. पट्टी झाली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती स्वतः टिकली चिकटवायची. टिकल्या मोजल्या की किती दिवस बुडाले ते मला विचारावं लागत नसे. पट्टी अजिबात टिकू न देणाऱ्या मुलांसाठी चांगला डोळा अंधुक करणारे अॅट्रोपिनचे थेंब असतात, पण ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

सहा महिन्यांनी डावा डोळा ६/९ वर आला. आता पट्टी बंद आहे, चष्मा चालू. पट्टी थांबल्यावर साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, म्हणून तिला गणपती झाल्यावर परत बोलावलंय.