आयोडाइड किती उरलं? वर्गमूळ काढा आणि मोकळे व्हा!

बारावीला केमिस्ट्री शिकवायचीय पण डोक्याला ताप नकोय, असं असेल तर सोलापुरातल्या एका क्लासकडून जे शिकायला मिळालं ते फुकटात सांगतो. परवा पाण्याच्या दिवशी, म्हणजे घरात कुणी कुणाशी धड बोलत नसतं त्या दिवशी, पुतणी टेस्टचा पेपर घेऊन जिन्यात बसलेली. "काका, तीन मार्क कापले, आणि मला कळेना मी चुकले कुठं."

प्रश्न साधा. क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड तिन्ही ०.१ मोलर, वरून सिल्वर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. AgBr पडायला लागतो त्या क्षणी आयोडाइड किती उरलं?

तर पहिला सल्ला. प्रश्न पूर्ण वाचायचाच नाही. AgI दिसलं की त्याच्या Ksp चं, 8.3×10⁻¹⁷ चं वर्गमूळ काढायचं, 9.1×10⁻⁹ आलं की खाली दोन रेघा मारायच्या. हे वर्गमूळ कधी चालतं? नुसता AgI साध्या पाण्यात टाकला, जेवढं सिल्वर सुटलं तेवढंच आयोडाइड सुटलं, तेव्हा. इथं दोघं सारखे असायचं कारणच काय? इथं सिल्वर किती हे ब्रोमाइड ठरवतंय. ब्रोमाइड ०.१ आहे, AgBr चा Ksp 5.0×10⁻¹³, म्हणजे तो पडायला सिल्वर लागतं 5.0×10⁻¹². आता त्याच सिल्वरला आयोडाइडला तोंड द्यायचंय:

[I⁻] = 8.3×10⁻¹⁷ ÷ 5.0×10⁻¹² = 1.7×10⁻⁵

पोरीनं हेच लिहिलेलं, अगदी हेच, आणि त्यावर लाल फुली. आता यांचं मॉडेल आन्सर खरं धरू. वर्गमूळ घेतलं म्हणजे सिल्वरपण 9.1×10⁻⁹ झालं. त्याला ब्रोमाइडच्या ०.१ नं गुणा, 9.1×10⁻¹⁰ येतं, AgBr च्या Ksp च्या अठराशे पट! म्हणजे ज्या AgBr ची आपण वाट बघतोय तो कधीचाच खाली बसायला लागलेला असणार. अजून मजा, क्लोराइडपण ०.१ च आहे, त्याचा गुणाकारही तेवढाच, आणि AgCl चा Ksp 1.8×10⁻¹⁰. पाचपट ओलांडला की! "ब्रोमाइड सुरू होताना" विचारलं आणि सरांच्या बीकरमध्ये तिन्ही पडायला लागलेत.

दुसरा सल्ला, तापमान विचारणाऱ्या पोराला गप्प बसवा. हे आकडे २५ अंशाचे असतात, आणि मे महिन्यात सोलापुरात २५ अंश कुणी बघितलंय.

प्रॅक्टिकल असेल तर सिल्वर नायट्रेट भसकन ओता. थेंब पडतो त्या जागी सिल्वर क्षणभर जास्त होतं, पांढरट ढग दिसतो, आणि ढवळलं की तो पिवळा होतो कारण क्लोराइड, ब्रोमाइड सोडून सिल्वर आयोडाइडकडे जातं. ढवळायचं नाही, पांढरं दिसलं की "क्लोराइड आधी" असं जर्नलमध्ये लिहून टाकायचं.

"ज्याचा Ksp लहान तो आधी" हे फळ्यावर चौकटीत लिहा, पण सुरुवातीच्या कॉन्सन्ट्रेशनचं नाव काढू नका. नाहीतर एखादं पोरगं समुद्राचं पाणी काढेल. त्यात क्लोराइड ब्रोमाइडच्या साधारण ६५० पट, आणि दोघांच्या Ksp मधलं अंतर ३६० पट, म्हणजे तिथं हिशोबानं AgCl च आधी सुरू होतो. नशीब, सोलापूरला समुद्र नाही.

आणि पुढची पायरी घेऊच नका. AgCl सुरू व्हायला सिल्वर लागतं 1.8×10⁻⁹, तेव्हा ब्रोमाइड उरतं 2.8×10⁻⁴, म्हणजे मूळच्या ०.२८ टक्के. आयोडाइड आपल्या वेळेला ०.०१७ टक्केच उरलेलं. शिवाय AgBr आणि AgCl चे स्फटिक एकाच धाटणीचे, एकमेकांत मिसळून बसतात, त्यामुळे कागदावर दिसतं तेवढं स्वच्छ वेगळं होतच नाही. हे सांगितलं तर पोरं प्रश्न विचारतील, आणि पुढच्या बॅचची वेळ झालेली असते.

पुरे झालं आता. अहो सर, आलेलं सिल्वर ब्रोमाइडनं गुणून Ksp शेजारी ठेवायला अर्धं मिनिट लागतं, ते तुम्ही केलं नाही. मॉडेल आन्सर कुठूनतरी उचललं, झेरॉक्स मारली आणि बरोबर उत्तरावर फुली मारत सुटलात. पोरगी विचारायला आली तर "बोर्डात असंच लिहायचं" म्हणालात. कुठल्या बोर्डात? पूर्ण फी ॲडमिशनलाच घेता ना, मग गुणाकार करायला काय होतं? सगळे पेपर परत मागवा, 1.7×10⁻⁵ लिहिलेल्या प्रत्येकाला तीन मार्क द्या, आणि ते 9.1×10⁻⁹ फळ्यावरून पुसा.