नाव काढलं तरी भेदभाव उरतोच

"नोकरीच्या अर्जातून नाव आणि लिंग वगळलं की उमेदवार निवडणारं सॉफ्टवेअर भेदभाव करूच शकत नाही."

हा दावा मला पटत नाही. अ‍ॅमेझॉनच्या, उमेदवारांचे बायोडेटा तपासून गुण देणाऱ्या प्रायोगिक प्रणालीबद्दल रॉयटर्सने 2018 मध्ये दिलेली बातमी आठवा. 10 वर्षांच्या जुन्या बायोडेटांवरून ती शिकली होती आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. त्यामुळे 'विमेन्स चेस क्लब'सारखा उल्लेख दिसला की ती गुण कमी करायची. असे शब्द वगळूनही ती दुसऱ्या खुणांवरून भेद करणार नाही याची खात्री देता येईना, म्हणून कंपनीने तो नादच सोडला.

मी पुण्यात भरतीचंच काम करते. आमच्या एका क्लायंटने सलग नोकरीची अट फिल्टरमध्ये टाकली होती. लिंगाचा रकाना बंद होता, तरी बाळंतपणानंतर परतणाऱ्या अनुभवी बायका माणसाच्या नजरेपर्यंत पोचल्याच नाहीत. त्यांना फक्त ठरावीक नकाराचा मेल गेला, कारण शून्य.

असा भेद निकाल मोजल्यावरच दिसतो. समजा 100 पुरुषांतले 40 आणि 100 स्त्रियांतल्या 24 जणी पुढे गेल्या, तर 24 भागिले 40 म्हणजे 0.6. अमेरिकेत हे गुणोत्तर 0.8 च्या खाली गेलं की धोक्याची खूण मानतात. न्यूयॉर्क शहरात भरतीसाठी असं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांना 2023 पासून असं ऑडिट करून त्याचा सारांश जाहीर करावा लागतो, उमेदवाराला आधी कळवावं लागतं. पण तिथेही नकाराचं कारण सांगायचं बंधन नाही, आणि माझ्या मते उमेदवाराचा पहिला हक्क तोच असायला हवा.